पिव्हट पॉइंट आणि कालचं सत्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिव्हट पॉइंट म्हणजे नेमकं काय?

कालच्या सत्रातला सगळ्यात वरचा भाव, सगळ्यात खालचा भाव आणि बंद भाव, म्हणजे हाय, लो आणि क्लोज, या तिघांची साधी सरासरी म्हणजे पिव्हट. त्याच तीन आकड्यांवरून पिव्हटच्या वर रेझिस्टन्सच्या आणि खाली सपोर्टच्या लेव्हल काढतात. चार्टवर त्या R1, R2, R3 आणि S1, S2, S3 अशा दिसतात.

इंट्राडे करणाऱ्यांना हे सोयीचं पडतं, कारण बाजार उघडायच्या आधीच सगळे आकडे ठरलेले असतात आणि दिवसभर हलत नाहीत. मूव्हिंग अ‍ॅव्हरेज प्रत्येक कँडलला सरकतं; पिव्हट सकाळी जिथे असतो तिथेच संध्याकाळी असतो. ट्रेडिंग पिटात आरडाओरडा करून सौदे व्हायचे त्या काळात हेच गणित कागदावर करून, चिठ्ठी खिशात घालून मंडळी पिटात उतरत. बेरीज, वजाबाकी आणि तीनने भागाकार, एवढ्यावरच सूत्रं का थांबतात ते यावरून लक्षात येईल.

सूत्रं काय आहेत? एक दिवस घेऊन दाखवा.

```
P  = (H + L + C) / 3
R1 = 2*P - L          S1 = 2*P - H
R2 = P + (H - L)      S2 = P - (H - L)
R3 = H + 2*(P - L)    S3 = L - 2*(H - P)
```

समजा एका शेअरचा काल हाय १२६०, लो १२२४ आणि क्लोज १२५१ होता. तिघांची बेरीज ३७३५, तीनने भागली की पिव्हट १२४५. त्याची दुप्पट २४९०. त्यातून लो वजा केला की R1 येतो १२६६, हाय वजा केला की S1 येतो १२३०. कालची रेंज ३६, ती पिव्हटमध्ये मिळवली की R2 म्हणजे १२८१, वजा केली की S2 म्हणजे १२०९. R3 येतो १३०२ आणि S3 येतो ११९४.

पुढच्या बहुतेक उत्तरांत हाच दिवस वापरणार आहे, त्यामुळे हे आकडे बाजूला लिहून ठेवा.

R1 काढताना लो का वजा करतात? रेझिस्टन्सचा संबंध हायशी असायला नको का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. सूत्र पाठ करून मोकळे होतात आणि मग लेव्हल कुठून आली ते वर्षानुवर्षं कळत नाही.

पिव्हटच्या जागी एक आरसा आडवा ठेवलाय असं समजा. कालचा लो पिव्हटच्या २१ खाली आहे (१२४५ वजा १२२४). आरशात तो तेवढाच वर, १२६६ ला दिसेल. तो R1. कालचा हाय पिव्हटच्या १५ वर आहे, आरशात तो १५ खाली, १२३० ला दिसेल. तो S1. म्हणजे R1 हे लोचं प्रतिबिंब आणि S1 हे हायचं.

आता याच्या पुढची गंमत. R1 आणि S1 मधलं अंतर मोजा: १२६६ वजा १२३०, म्हणजे ३६. कालची रेंजही ३६ च होती. हा योगायोग नाही, कोणतेही आकडे घातले तरी हे असंच येतं. म्हणजे R1 आणि S1 ही कालचीच चौकट आहे, फक्त थोडी वर किंवा खाली सरकवलेली. किती सरकली? कालचा हाय १२६० आणि R1 १२६६, सहा वर. कालचा लो १२२४ आणि S1 १२३०, तोही सहाच वर. हे सहा कुठून आले ते एका ओळीत सांगता येतं:

```
सरक = (2*C - H - L) / 3
```

कालचा मध्य १२४२ होता. क्लोज १२५१ ला, म्हणजे मध्याच्या नऊ वर झाला. त्या नवाचे दोन तृतीयांश म्हणजे सहा. क्लोज मध्याच्या वर झाला तर चौकट वर सरकते, खाली झाला तर खाली, आणि बरोबर मध्यावर झाला तर जागची हलत नाही. क्लोज अगदी हायवरच झाला तरी सरक रेंजच्या एक तृतीयांशापलीकडे जात नाही.

माझ्या मते पिव्हटचं सगळं मर्म इथे आहे. सूत्र म्हणतंय ते एवढंच: आज कालइतकीच हालचाल होईल असं धरा, आणि काल शेवटी ज्या बाजूचा जोर होता त्या बाजूला ती थोडी ढकला. यात उद्याचं भाकीत नाही, कालची चौकट उचलून आज ठेवलेली आहे. R2 आणि S2 मधलं अंतर कालच्या रेंजच्या दुप्पट, R3 आणि S3 मधलं तिप्पट. हे एकदा डोक्यात बसलं की लेव्हल कधी उपयोगी आणि कधी नुसत्या शोभेच्या, ते आपोआप कळायला लागतं.

माझा R1 कालच्या हायच्या खाली आलाय. गणित चुकलं का?

नाही. काल क्लोज मध्याच्या खाली झाला असेल तर चौकट खाली सरकते, त्यामुळे R1 कालच्या हायच्या आत येतो आणि S1 कालच्या लोच्या खाली जातो. पडझडीच्या दिवसानंतर हे हमखास दिसतं. उलट, काल क्लोज मध्याच्या वर असूनही R1 कालच्या हायच्या खाली दिसत असेल तर मात्र तुम्ही घातलेल्या आकड्यांत गडबड आहे. लेव्हल तपासायची ही सगळ्यात झटपट खूण.

सीपीआर वेगळा काढतात ना? त्याचा याच्याशी काय संबंध?

सीपीआर, म्हणजे सेंट्रल पिव्हट रेंज, हा पिव्हटभोवतीचा पट्टा. त्याची एक कड म्हणजे कालच्या हाय-लोचा मध्य, आपल्या उदाहरणात १२४२. दुसरी कड पिव्हटच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर, १२४८. पट्ट्याची रुंदी सहा.

वरच्या उत्तरात चौकट किती सरकली होती? सहाच. सीपीआरची रुंदी आणि चौकटीची सरक ही एकच राशी आहे. त्यामुळे ‘सीपीआर अरुंद आहे, आज ट्रेंड येणार’ असं कुणी म्हणालं तर त्यामागे एवढीच वस्तुस्थिती असते की काल क्लोज दिवसाच्या मध्याजवळ झाला. दिवसभर ओढाताण झाली आणि शेवटी कुणीच जिंकलं नाही. त्यानंतर मोठी हालचाल येऊ शकते, पण पट्टा अरुंद आहे म्हणून ती येते असं नाही. शिवाय रुंदी नुसती बघून उपयोग नाही, ती भावाच्या टक्क्यांत बघावी लागते. १२४५ च्या शेअरला सहाचा पट्टा म्हणजे अर्धा टक्का, १४० च्या शेअरला सहा म्हणजे चार टक्क्यांच्या वर.

माझ्या चार्टवरच्या लेव्हल दुसऱ्याच्या लेव्हलशी जुळत नाहीत. सूत्र तर एकच आहे!

सूत्र एकच, पण क्लोज एकच असतो असं नाही. नव्वद टक्के भांडणं इथेच सुटतात, असं आपलं माझं अनुभवाचं मत. मोजदाद केलेली नाही.

शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो भाव वेगळा, आणि बाजाराने अधिकृत म्हणून जाहीर केलेला बंद भाव वेगळा असू शकतो. काही बाजारांत शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी हा क्लोज धरतात. काही ठिकाणी सत्र संपल्यावर वेगळा लिलाव होतो आणि त्यात निघालेला भाव हा क्लोज. फ्युचर्समध्ये सेटलमेंट प्राइस म्हणून आणखी एक आकडा असतो. पाच मिनिटांच्या चार्टवरून गणित करणारं सॉफ्टवेअर शेवटच्या कँडलचा बंद भाव उचलतं, दैनिक चार्टवरून करणारं अधिकृत क्लोज उचलतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, आणि लेव्हल मात्र वेगळ्या.

आपल्या उदाहरणात अधिकृत क्लोज १२५१ आहे. समजा शेवटच्या दोन मिनिटांत कुणीतरी जोरात खरेदी केली आणि शेवटचा सौदा १२५७ ला झाला. क्लोजमध्ये सहाचा फरक पडला. पिव्हट त्याच्या एक तृतीयांशाने, म्हणजे दोनने सरकून १२४७ होईल. R1 आणि S1 दोन तृतीयांशाने, म्हणजे चारने वर जातील: १२७० आणि १२३४. चारचा स्टॉपलॉस लावणाऱ्याला हा फरक म्हणजे अख्खा सौदा आहे.

मग कुठला क्लोज घ्यायचा? मी दैनिक चार्टचा अधिकृत क्लोज घेतो. कारण साधं आहे: लेव्हलला काही वजन असेल तर ते बऱ्याच लोकांचे डोळे एकाच आकड्यावर असण्यातून येतं, आणि अधिकृत आकडा सगळ्यांना सारखा दिसतो. पण कुठलाही घेतलात तरी रोज तोच घ्या. सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरा, असं झालं की तुमची नोंदवही निरुपयोगी.

हाय किंवा लो चुकीचा आला तर?

ते जास्त महागात पडतं. कधीकधी एखादा चुकीचा टिक डेटात घुसतो, कुणाचा तरी आकडा टाकताना हात घसरलेला असतो, किंवा नंतर रद्द झालेला सौदा डेटात तसाच राहतो. चार्टवर ती एकटीच लांब शेपटी दिसते, आजूबाजूला व्हॉल्यूम नसतो.

समजा १२६० ऐवजी हाय १२७५ नोंदला गेला. पंधराची चूक. पिव्हट पाचने वाढून १२५० होतो, हे तसं किरकोळ. पण R2 मध्ये पिव्हटही वाढला आणि रेंजही वाढली, त्यामुळे तो १२८१ वरून थेट १३०१ वर जातो. चूक पंधराची, फरक वीसचा. S2 दहाने खाली, ११९९ ला जातो. म्हणजे क्लोजमधली चूक लेव्हलपर्यंत पोचताना कमी होते, पण हाय-लोमधली चूक लांबच्या लेव्हलवर वाढून बसते.

पडताळा एका मिनिटाचा आहे. दैनिक कँडलचा हाय आणि लो घ्या आणि त्याच दिवसाच्या पाच मिनिटांच्या चार्टवर ते भाव खरंच सापडतात का ते पाहा. तिथे नुसती सुईसारखी वात असेल तर ती सोडून पुढचा खरा हाय घेऊन लेव्हल पुन्हा काढा आणि दोन्ही बाजूला लिहून ठेवा. मात्र ती वात भरपूर व्हॉल्यूमसकट आली असेल तर ती खरी आहे. आवडली नाही म्हणून खोडायची नाही.

चोवीस तास चालणाऱ्या बाजारात ‘कालचं सत्र’ कुठे संपतं?

जिथे तुम्ही संपवाल तिथे, आणि अडचण हीच आहे. परकीय चलनाच्या बाजारात न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ५ वाजता दिवस बदलतो असा संकेत आहे. क्रिप्टोमध्ये बहुतेक चार्ट यूटीसीच्या मध्यरात्री दिवस बदलतात. पण चार्ट दाखवणाऱ्या सर्व्हरचं घड्याळ तिसऱ्याच वेळेवर असू शकतं, आणि मग तुमचा हाय-लो वेगळा, लेव्हलही वेगळ्या.

याचा एक जुना सापळा सांगतो, मी स्वतः त्यात अडकलो होतो. चलनाच्या एका जोडीवर सोमवारी सकाळी सगळ्या लेव्हल एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. S2 पासून R2 पर्यंतचं अख्खं अंतर एरवीच्या R1 पर्यंतही पोचत नव्हतं. मला वाटलं बाजार शांत आहे. पहिल्या तासात भाव सगळ्या रेषा कापत वर गेला, मी प्रत्येक रेषेवर विकत राहिलो आणि प्रत्येक रेषेवर स्टॉपलॉस लागला. दुपारी दैनिक चार्ट उघडल्यावर उलगडा झाला. त्या सर्व्हरचं घड्याळ असं होतं की रविवारी रात्री बाजार उघडल्यापासूनच्या दोन तासांची वेगळी, बुटकी दैनिक कँडल तयार होत होती. सोमवारच्या लेव्हल शुक्रवारच्या सत्रावरून नाही, तर त्या दोन तासांवरून निघाल्या होत्या.

खूण अशी: सोमवारच्या लेव्हल बाकीच्या दिवसांपेक्षा सतत अरुंद दिसत असतील तर आठवड्यात दैनिक कँडल किती आहेत ते मोजा. पाचऐवजी सहा असतील तर रविवार घुसलाय. अर्ध्या दिवसाच्या सत्रानंतरही असंच होतं. अशा वेळी मी आखूड सत्र त्याच्या आधीच्या पूर्ण सत्रात मिसळतो: दोन्हींतला मोठा हाय, दोन्हींतला छोटा लो आणि शेवटचा क्लोज.

डिव्हिडंड किंवा स्प्लिटच्या दिवशी काय करायचं?

भाव ज्या दिवशी डिव्हिडंडविना सुरू होतो, त्या दिवशी कालचे आकडे जुन्या मोजपट्टीवरचे असतात. डिव्हिडंड १० असेल तर हाय, लो, क्लोज तिन्हींतून १० वजा करा. सगळ्या लेव्हल जशाच्या तशा १० ने खाली येतील. एकाचे पाच असा स्प्लिट असेल तर तिन्ही आकड्यांना पाचने भागा. स्प्लिट बहुतेक चार्ट आपणहून सांभाळतात, साधा डिव्हिडंड मात्र बरेचदा सोडून देतात. त्यामुळे सकाळी गॅप-डाउन आणि S1 तुटलेला दिसला की आधी कंपनीची तारीख तपासा. कागदावर जी पडझड दिसते ती नुसती वाटणी असू शकते.

फ्युचर्समध्ये ट्रेड करतो, पण लेव्हल मूळ शेअरच्या चार्टवरून काढल्या तर चालतील?

चालतील, जर एंट्री आणि स्टॉपलॉसचा निर्णयही मूळ शेअरच्या भावावर घेत असाल तर. शेअरची लेव्हल १२६६ आणि फ्युचर्सचा भाव त्याच्या पाच वर चाललेला, अशा वेळी फ्युचर्सच्या चार्टवर १२६६ ची रेषा मारणं म्हणजे पाचची चूक मुद्दाम करणं. कराराचा महिना बदलल्यावर पहिल्या दिवशी नव्या कराराचेच कालचे आकडे घ्या. जुन्या आणि नव्या कराराला जोडून तयार केलेल्या अखंड चार्टवर नेमक्या त्या दिवशी लेव्हल फसतात.

R3 दोन ठिकाणी वेगवेगळा दिसतो. खरा कुठला?

दोन्ही चालतात. वर दिलेलं सूत्र म्हणजे R1 मध्ये कालची रेंज मिळवणं, त्याने १३०२ येतो. काही जण पिव्हटमध्ये दुप्पट रेंज मिळवतात, त्याने १३१७ येतो. एवढ्या लांब भाव क्वचितच जातो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तुमचं सॉफ्टवेअर कुठलं वापरतं ते एकदा हाताने गणित करून पाहा आणि विषय सोडा.

कॅमेरिला, वुडी, फिबोनाची… यातलं कुठलं घ्यावं?

कच्चा माल तोच, शिजवायची पद्धत वेगळी. वुडीच्या पद्धतीत क्लोजला दुप्पट वजन असतं. फिबोनाचीत पिव्हट तोच राहतो, फक्त रेंजचा ०.३८२, ०.६१८ आणि पूर्ण भाग मिळवतात. कॅमेरिला मात्र स्वभावाने वेगळी आहे: ती पिव्हटपासून नाही, क्लोजपासून मोजते. आपल्या उदाहरणात तिची तिसरी लेव्हल क्लोज अधिक रेंज गुणिले १.१ भागिले ४, म्हणजे १२६०.९ येते, आणि चौथी १२७०.८. काल बाजार जिथे थांबला तिथूनच आज सुरुवात होणार, असं ती धरते. गॅपच्या दिवशी तिची अडचण त्यामुळेच जास्त.

एक पकडा. चार्टवर चारही पद्धती लावल्या तर भाव जिथे वळेल तिथे कुठलीतरी रेषा सापडणारच, आणि तुम्हाला वाटेल पद्धत जमली.

स्प्रेडशीटमध्ये किंवा कोडमध्ये करताना काय चुकतं?

एकच चूक, पण जीवघेणी: ओळ. मंगळवारचे हाय, लो, क्लोज ज्या ओळीत आहेत त्याच ओळीत लेव्हल काढल्या आणि मंगळवारच्याच भावावर तपासल्या, तर दिवस संपल्यावर कळणारी गोष्ट तुम्ही सकाळीच वापरली. बॅकटेस्ट असा काही चकाकतो की नोकरी सोडावीशी वाटते. मंगळवारच्या आकड्यांच्या लेव्हल बुधवारच्या ओळीत गेल्या पाहिजेत. पायथनमध्ये ते `shift(1)` करतं:

```python
d = df[["High", "Low", "Close"]].shift(1)
P = (d["High"] + d["Low"] + d["Close"]) / 3
R1 = 2 * P - d["Low"]
S1 = 2 * P - d["High"]
```

पहिल्या ओळीत रिकामी जागा दिसली पाहिजे, कारण पहिल्या दिवसाला ‘काल’ नसतो. तिथे आकडा दिसला तर ओळ सरकलेली नाही.

प्रत्यक्ष सौद्यात या लेव्हल कशा वापरायच्या?

आपलाच दिवस पुढे नेऊ, आकडे काल्पनिक आहेत. बाजार १२५३ ला उघडतो, सीपीआरच्या वरच्या कडेच्या, म्हणजे १२४८ च्या वर. पहिल्या वीस मिनिटांत भाव घसरून १२४७.२ ला येतो, पट्ट्यात शिरतो, पण पाच मिनिटांची कँडल परत १२४८ च्या वर बंद होते. खरेदी १२४९ ला. स्टॉपलॉस पट्ट्याच्या खालच्या कडेच्या खाली, १२४१ ला. टार्गेट R1, म्हणजे १२६६.

इथे थांबा. त्या दिवशी भाव १२६४.८ पर्यंत जातो आणि वळतो. १२६६ ला विक्रीची ऑर्डर लावून बसलेला माणूस तसाच राहतो. लेव्हल ही रेषा नाही, परिसर आहे; तिच्या आधी बाहेर पडायचं. टार्गेट १२६४.५ ला ठेवलं असतं तर सुटका झाली असती. फायदा १५.५, जोखीम ८. ब्रोकरेज, कर आणि भावातली घसरण मिळून एक धरला तर हातात १४.५ किंवा खिशातून ९. अशा सौद्यात दहापैकी चार बरोबर आले तरी किंचित पुढे राहता येतं.

आता तोच सौदा उशिरा, १२५७ ला घेतला असता तर? टार्गेट तेच, स्टॉपलॉस तोच. फायदा ७.५, जोखीम १६. चार्टवर दोन्ही एंट्री सारख्याच देखण्या दिसतात. दोन लेव्हलच्या मध्यावर एंट्री घ्यायची नाही असं जुने लोक सांगतात, त्यामागे हे साधं गणित आहे.

बाजार मोठ्या गॅपने उघडला तर?

समजा १२८५ ला, R2 च्याही वर उघडला. रात्रीत काहीतरी बातमी आली, आणि कालच्या तीन आकड्यांना तिचा पत्ताच नाही. कालची चौकट मोडीत निघाली. पिव्हट ४० खाली राहिला, तो आज जवळपास निरर्थक. अशा दिवशी मी फक्त R2 लक्षात ठेवतो: पहिल्या अर्ध्या तासात भाव १२८१ च्या खाली येऊन तिथेच रेंगाळला तर गॅपचा जोर ओसरतोय असं समजतो. बाकी काम पहिल्या अर्ध्या तासाच्या हाय-लोवर. R2 ला पोचलाय म्हणून विकायला धावणं हा अशा दिवशी पैसे घालवायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

काल फारच मोठी किंवा फारच छोटी रेंज झाली असेल तर लेव्हलवर किती भरवसा ठेवावा?

कमी. चौकट कालची असल्याने काल असाधारण होता तर आजची चौकटही असाधारण मापाची बनते. गेल्या १४ दिवसांची सरासरी रेंज शेजारी ठेवा. समजा ती २२ आहे आणि काल ३६ झाली. R1 आणि S1 मध्ये ३६ चं अंतर, म्हणजे नेहमीसारखा दिवस दोन्हींना शिवूच शकत नाही. एका बाजूला आधीच १५ चालून झालं असेल तर लांबच्या लेव्हलचं टार्गेट धरून बसू नका. उलट काल रेंज ९ च झाली असेल तर R3 पासून S3 पर्यंतचं पूर्ण अंतर २७, आणि २२ चा साधा दिवसही त्यातल्या बहुतेक रेषा कापत जाईल. तिथे R1 ला वळण शोधणं व्यर्थ.

पण भाव या लेव्हलवरून खरंच वळतो का, की आपल्याला तसं दिसतं?

दोन्ही. सात रेषा मारल्यावर दिवसातलं एखादं वळण कुठल्यातरी रेषेजवळ पडणारच. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॅरल ऑस्लर यांच्या अभ्यासात चलन बाजारातल्या संस्था आपल्या ग्राहकांना ज्या सपोर्ट-रेझिस्टन्स लेव्हल देत, त्यांची तुलना मनमानी निवडलेल्या लेव्हलशी केली होती. संस्थांच्या लेव्हलवर भाव अडण्याचं प्रमाण जास्त निघालं. पण त्या फक्त पिव्हटच्या लेव्हल नव्हत्या, आणि भाव अडणं म्हणजे खर्च वजा जाता नफा होणं नव्हे.

तुमच्या शेअरचं उत्तर तुम्हीच काढू शकता. शंभर सत्रं घ्या. ‘वळला’ म्हणजे काय ते आधी लिहून ठेवा, उदाहरणार्थ लेव्हलच्या दोनच्या आत आला आणि पलीकडे पाच जाण्याआधी आठ मागे फिरला. R1 आणि S1 वर किती वेळा असं झालं ते मोजा. मग त्याच रेषा रेंजच्या एक दशांशाने वर सरकवा, म्हणजे त्यांना काही अर्थच उरणार नाही, आणि पुन्हा मोजा. नंतर तेवढ्याच खाली सरकवून तिसऱ्यांदा मोजा. मी एका शेअरवर हे केलं तेव्हा पिव्हट आणि S1 वर फरक दिसला. R1 वर खऱ्या आणि खोट्या रेषांचे आकडे जवळपास सारखे आले, आणि त्या शेअरमध्ये मी R1 वर विकायचं बंद केलं.